‘शँपेन म्हणजे कसला रंग हो?’ : सांगली-मडगाव लग्नातल्या कपड्यांच्या चिठ्ठीची गोष्ट

पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती : ‘ड्रेस कोड : फॉर्मल. टाळावयाचे रंग : आयव्हरी, शँपेन, वाइन.’ ही ओळ मुलाकडून इंग्रजीत आली होती. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांच्या पत्रिकांवर टाळायचे रंग छापतात, त्यांच्याकडे त्यात नवल नाही. मी ती ओळ देवनागरीत उतरवली आणि पत्रिका छपाईला सोडली. सांगलीत पत्रिकांचा मजकूर लिहून छापून देणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे ही चूक माझीच. अक्षरं देवनागरी झाली म्हणजे मजकूर मराठी झाला असं मी धरून चालले.

पत्रिका वाटायला सुरुवात होऊन चार दिवस झाले नसतील, तोच मुलीच्या आईचा फोन आला. “ताई, वन्सं विचारतायत, शँपेन म्हणजे कसला रंग हो? आणि आमचे भावजी म्हणतात फॉर्मल म्हणजे ऑफिसला घालतो तसले कपडे. लग्नाला ऑफिसचे कपडे कोण घालतं?” पाठोपाठ दुसरा प्रश्न आला तो जास्त अवघड होता. मुलीची आजी गेली कित्येक वर्षं पांढरं किंवा फिक्या रंगाचंच पातळ नेसते. नातवानं तिला पत्रिका वाचून दाखवली. आयव्हरी म्हणजे हस्तिदंती, म्हणजे पांढऱ्यातलाच रंग, हे त्यानं सांगितलं. आजी एवढंच म्हणाली, “मग मी इथंच थांबते. तुम्ही जाऊन या.”

तेव्हा ठरलं की कपड्यांबद्दल एक वेगळी चिठ्ठी लिहायची आणि ती फोनवरून सगळ्यांना पाठवायची. ती लिहिताना काय काय विचारावं लागलं, कुठे अडलं आणि शेवटी मजकूर काय झाला, ते इथे मांडते आहे.

लग्न असं होतं. मुलगी सांगलीची, मुलगा मडगावचा कॅथलिक. तारीख काढतानाच दोन्ही घरांची कसरत झाली. त्यांच्याकडे नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि पुढे उपवासकाळात लग्नं करत नाहीत, आपल्याकडे पौषात करत नाहीत. २०२५ मध्ये माघ ३० जानेवारीला लागला आणि ज्या दिवशी त्यांचा उपवासकाळ सुरू होतो तो राखेचा बुधवार ५ मार्चला होता. त्या मधल्या फटीत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी हे तीन दिवस धरले. शुक्रवारी संध्याकाळी मुलाच्या घरी रोस, म्हणजे नवऱ्या मुलाला नारळाचं दूध लावायचा कार्यक्रम, शनिवारी दुपारी चर्चमध्ये लग्न आणि रात्री हिरवळीवर रिसेप्शन, रविवारी सकाळी मडगावातच हॉलमध्ये आपल्या पद्धतीचे विधी. सांगलीहून दोन बस निघणार होत्या.

म्हणजे एकाच पत्रिकेवरचा एक ड्रेस कोड तीन वेगळ्या प्रसंगांना लावला गेला होता. खरं तर तो फक्त शनिवारचा होता. मुलाकडच्यांना हे सांगायची गरजच वाटली नव्हती, कारण त्यांच्या मनात ‘लग्न’ म्हणजे शनिवारच.

मी मुलाच्या आईला फोन लावला. बाई कोकणी मिसळलेलं छान मराठी बोलतात. त्यांना मी रंगांचा अर्थ विचारलाच नाही. विचारलं ते असं, “हे तीन रंग कोण कोण नेसणार किंवा घालणार आहे?” इथून सगळं सुटत गेलं. आयव्हरी हा नवरीचा गाऊन. वाइन हा तिच्यासोबत चालणाऱ्या चार ब्राइड्समेडचा, आणि मुलांच्या टायही त्याच रंगाच्या. शँपेन हा खुद्द मुलाच्या आईचा गाऊन. तीन रंग म्हणजे तीन माणसांच्या जागा होत्या. चर्चच्या मधल्या वाटेनं ही मंडळी ओळीनं आत येतात, पुढच्या बाकांपाशी उभी राहतात, आणि कोण कोण आहे हे लोकांना रंगावरून कळतं. तिथे आणखी एखादी बाई त्याच रंगात दिसली तर फोटोतली ती ओळ मोडते. नवरीखेरीज दुसरी कुणी पांढऱ्यात आली तर त्यांच्याकडच्या वयस्क बायकांना ते मनाला लागतं.

हे कळल्यावर आजीचा प्रश्न मिनिटात सुटला. मी विचारलं, “पंच्याहत्तरीच्या पुढच्या एक आजी पांढरं सुती पातळ नेसून येतील. चालेल?” बाई गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, “ही गोष्ट विचारायची नसते गो. त्यांनी यायला हवं.” पांढरा रंग टाळायचा तो गाऊन, लेहेंगा, ड्रेस आणि समारंभी साडी यांत. पुरुषांच्या शर्टाला, धोतराला, नेहरू शर्टाला तो नियम लागतच नाही. पण पत्रिकेत नुसतं ‘आयव्हरी’ छापलं की वाचणारा आधी स्वतःच्या अंगावरच्या कपड्याकडे बघतो. आमच्याकडचे निम्मे वडीलधारे पुरुष पांढऱ्यातच असतात. रंग कुणी टाळायचा आणि कोणत्या कपड्यात टाळायचा, हे लिहिलं नाही तर बंदी सगळ्यांवर बसते.

मग रंगांची नावं. वाइन या शब्दावर सांगलीच्या घरात तीन मतं होती. कुणी जांभळा म्हणे, कुणी मरून, कुणी डाळिंबी. मुलाच्या बहिणीनं फोटो पाठवला, तो एका फोनवर तपकिरीकडे झुकला आणि दुसऱ्यावर चक्क राणी दिसला. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोवर कपड्याचा रंग ठरवू नये, हे कुठलाही साडीवाला सांगेल. म्हणूनच तो गिऱ्हाइकाला साडी घेऊन दुकानाच्या दारात उभं करतो. मी त्यांच्या शिंप्याकडून गाऊनच्या उरलेल्या कापडाचे बोटभर तुकडे कुरियरनं मागवले. खिडकीपाशी, सकाळी दहाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ते ठेवले. वाइनच्या तुकड्याशेजारी वाळलेलं आमसूल ठेवलं तर दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. रंगाचं नाव मिळालं : आमसुली. गोव्यातही कोकम घरोघरी असल्यामुळे मुलाच्या आईला ते ऐकून फार आनंद झाला. शँपेनला जरा वेळ लागला. तो बदामी नव्हता, मोतियाही नव्हता. शेवटी मुलीच्या काकूनं कपाटातून टिश्यूची साडी काढली, ज्यात आडवा धागा जरीचा असतो आणि सगळं अंगच फिकं सोनेरी चमकतं, आणि म्हणाली, “हे बघा, हाच.” ‘फिक्या सोनेरी टिश्यूसारखा’ एवढं म्हटल्यावर एकाही बाईला पुढचा प्रश्न पडला नाही.

त्या तुकड्यांचा आमसुलासकट काढलेला फोटो चिठ्ठीसोबत गेला. फोनच्या पडद्यावर तुकड्याचा रंग थोडा बदलला तरी शेजारचं आमसूलही तेवढंच बदलतं, आणि आमसुलाचा खरा रंग बघणाऱ्याला ठाऊक असतो.

पुढची अडचण काठापदराची. गाऊनला एकच रंग असतो. साडीला अंग, काठ आणि पदर असे तीन असू शकतात. आमसुली काठाची हिरवी पैठणी चालेल का? अंगावर मोतिया आणि पदर लाल असेल तर? मुलाच्या आईनं असा विचारच केला नव्हता. आम्ही मिळून ठरवलं की साडीच्या अंगाचा रंग धरायचा, काठ आणि पदर मोकळे. हे एक वाक्य चिठ्ठीत नसतं तर पैठण्या, इरकली, नारायणपेठ सगळ्याच वादात सापडल्या असत्या, कारण गडद काठाशिवाय आमच्याकडच्या बायकांच्या कपाटात फारसं काही नसतं.

‘फॉर्मल’चा अर्थ काढायला मी वेगळी रीत वापरली. आमच्याकडच्या लोकांच्या कपाटात असतात त्या कपड्यांची नावं एकेक घेत गेले आणि मुलाच्या वडिलांकडून हो किंवा नाही घेत गेले. काठापदराची रेशमी साडी? “त्याहून फॉर्मल काय असतं?” जोधपुरी कोट? हो. नेहरू शर्ट आणि वर जाकीट? हो. सफारी? वयस्क माणसाला हो. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पँट, कोट नाही? चालेल, पण शर्ट खोचलेला आणि पायात बूट. जीन्स? नाही. चप्पल? शक्यतो नाही. हे विचारलं ते बरं झालं, कारण मुलीच्या चुलतभावांनी गोवा म्हणून फुलाफुलांचे शर्ट आणि अर्ध्या चड्ड्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या. त्या त्यांनी शुक्रवारी रोसला घातल्या आणि तिथे त्या अगदी शोभल्या.

काळ्या रंगाचं मात्र दोन्हीकडे उलटसुलट होतं. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली असणार, म्हणजे घरात नव्या काळ्या साड्या आलेल्या. चंद्रकळा एकदाच नेसून घडी केलेली. शनिवारी रात्री ती नेसावी का? मुलाच्या घरच्यांची हरकत नव्हती, त्यांच्याकडे पुरुषांचा तर काळा सूटच असतो. पण रविवारी मुहूर्ताला काळं आमच्याकडे नको होतं. मुलाकडच्या पुरुषांजवळ एकच चांगला सूट असतो आणि तो काळा, त्यामुळे रविवारीही ते त्यातच येणार हे उघड होतं. त्यांना आधी सांगितलं नसतं तर मंगलाष्टकांच्या वेळी अर्धा हॉल काळा दिसला असता आणि आजी-आत्या मनातल्या मनात कष्टी झाल्या असत्या. म्हणून एक चिठ्ठी त्यांच्यासाठीही लिहिली. त्यात काळा टाळण्याबरोबर एक दिलासा होता : लाल टाळायचं कारण नाही. त्यांच्यात नवरीला लाल कपडा शिवतात, त्याला साडो म्हणतात. त्यामुळे लाल हा नवरीचाच रंग समजून तिकडच्या बायका रविवारी लाल नेसायला कचरत होत्या. आमच्याकडे पाहुण्यांनी लाल, हिरवं, पिवळं काहीही नेसावं, सगळं शुभच.

कापडाबद्दल पत्रिकेत अक्षरही नव्हतं, पण माझ्या मते रंगापेक्षा तेच जास्त महत्त्वाचं होतं. रंग चुकला तर फोटो बिघडतो, कापड चुकलं तर साडी जाते, आणि रविवारी तर त्याहून वाईट होऊ शकलं असतं.

रोस म्हणजे त्यांची हळद म्हटलं तरी चालेल. नवऱ्या मुलाला बसवून घरचे, मग शेजारचे, मग मित्र नारळाचं दूध आणि तेल लावतात, कोकणीतली गाणी होतात, आणि शेवटी तरुण पोरं डोक्यावर अंडीही फोडतात. जवळ उभं राहील त्याच्यावर शिंतोडे उडणारच. नारळाच्या दुधात भरपूर तेल असतं. रेशमावर पडलं की पाण्यानं ते जात नाही, वाळल्यावर डाग गडद होऊन बसतो. घरी चोळायला गेलं तर रेशमाची चमक तेवढ्या जागी उडते. सुती कापड साबणाच्या गरम पाण्यात घालता येतं. त्यामुळे शुक्रवारसाठी सांगणं सोपं होतं : सुती, जुनं, धुता येईल असं. अंड्यांचं मात्र आधी सांगणं भाग होतं. आमच्याकडच्या काही घरात अंडं शिवत नाहीत. त्यांना मागच्या खुर्च्यांवर बसा असं आधीच सांगितलं तर ते मजेत बसतात, आणि ऐन वेळी कळलं तर उठून जातात.

रविवारी धोका उलटा होता. होम आणि दिवे. मुलाची बहीण करवली म्हणून शकुनदिवा घेऊन नवऱ्यामागे उभी राहणार होती. तिनं त्यासाठी शिवून तयार मिळणारी साडी घेतली होती, पदर पिना लावून सोडलेला, मऊ, झुळझुळीत. दुकानदारानं तिला रेशीम सांगितलं होतं. किंमत ऐकून मला शंका आली. मी तिच्या आईला म्हटलं, आतल्या शिलाईतला एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर काडी लावा. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो, जाळ दूर नेला की बहुतेक आपोआप विझतं, आणि मागे काळी राख उरते ती बोटानं चुरते. पॉलिस्टर असेल तर धागा आधी आक्रसतो, वितळतो आणि टोकाला टणक मणी होतो. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. “मणीच झाला.”

असं कापड पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं, म्हणूनच दिव्याजवळ ते नको. तिनं मग महेश्वरी नेसली, उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा, आणि पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला. सुतही जळतंच. खरी काळजी मोकळ्या पदराची असते, म्हणून चिठ्ठीत पदर खोचायचं वेगळं लिहिलं. ही सूचना सगळ्या पाहुण्यांसाठी नाही, फक्त होमाजवळ बसणाऱ्यांसाठी आहे. सगळ्यांवर लादली असती तर जॉर्जेट घेतलेल्या बायका उगाच हिरमुसल्या असत्या.

शनिवारच्या चर्चबद्दल तीन गोष्टी आमच्याकडच्या लोकांना माहीत असणं शक्यच नव्हतं. एक, खांदे आणि पाठ झाकलेली हवी. आजकालच्या ब्लाउजना मागे दोरी आणि मोठा गळा असतो, तेव्हा ब्लाउज बदलायला नको, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की काम भागतं. दोन, आत चपला काढायच्या नाहीत. हे चिठ्ठीत नसतं तर सांगलीची दोन बस माणसं चर्चच्या दारात चपलांचा ढीग लावून अनवाणी आत गेली असती. तीन, पुरुष आत डोकं उघडं ठेवतात. मुलीच्या मामांनी शनिवारीच सगळ्यांना फेटे बांधायचे ठरवले होते, बांधणारा माणूसही बसमधून येणार होता. फेटे रविवारवर गेले. राहिले मुलीचे चुलत आजोबा, ज्यांच्या डोक्यावरून गांधी टोपी झोपतानाच काय ती उतरते. मुलाच्या वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “आजोबांना काही सांगू नका. आम्ही बघून घेऊ.” चिठ्ठीतलं ते वाक्य मी मुद्दाम ‘फेटे’ एवढ्यावरच ठेवलं.

शेवटी सांगलीकडच्या मंडळींना गेलेली चिठ्ठी अशी होती :

---

सप्रेम नमस्कार. मडगावला तीन दिवस तीन वेगळे कार्यक्रम आहेत, तेव्हा कपड्यांचं आधीच कळवतो. नवं काही घ्यावं लागू नये अशी इच्छा आहे. कपाटात आहे त्यातलंच पुरेल.

शुक्रवार संध्याकाळ, रोस. नवऱ्या मुलाला नारळाचं दूध आणि तेल लावतात, शिंतोडे उडतात. सुती आणि धुता येईल असं काहीही घाला. रेशमी आणि जरीचं बसमधल्या बॅगेतच राहू द्या. शेवटी मुलं अंडी फोडतात. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी मागे खुर्च्या आहेत.

शनिवार दुपार, चर्च, आणि रात्री रिसेप्शन. बायकांनी काठापदराची साडी, रेशमी किंवा सुती-रेशमी, किंवा लांब ड्रेस. पुरुषांनी सूट, जोधपुरी, सफारी, नेहरू शर्टावर जाकीट, किंवा खोचलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट-पँट, पायात बूट. जीन्स, टी-शर्ट, अर्धी पँट नको.

या दिवशी बायकांच्या साडी-ड्रेसमध्ये तीन रंग सोडावेत. पांढरा आणि हस्तिदंती, कारण तो आपल्या मुलीचा गाऊन आहे. आमसुली, कारण तो तिच्याबरोबर चालणाऱ्या मैत्रिणींचा आहे. फिक्या सोनेरी टिश्यूसारखा, कारण तो विहीणबाईंचा आहे. सोबतच्या फोटोत कापडाचे तुकडे आहेत. साडीच्या अंगाचा रंग बघावा, काठ आणि पदर कुठल्याही रंगाचा चालेल. घरातल्या ज्या मोठ्या बायका नेहमी पांढरं नेसतात त्यांनी तेच नेसून यावं, विहीणबाईंनी आवर्जून सांगितलं आहे. पुरुषांना रंगाचं बंधन नाही. काळी साडी रात्री चालेल.

चर्चमध्ये चपला-बूट काढायचे नसतात. बायकांनी खांदे आणि पाठ पदरानं झाकावी. फेटे रविवारी बांधू. आत पंखे आहेत, एसी नाही, तेव्हा फार जड साडी रात्रीसाठी ठेवलीत तर बरं. रिसेप्शन हिरवळीवर आहे, टाचा रुततात, सपाट किंवा रुंद टाचेच्या चपला घ्या.

रविवार सकाळ, आपल्या पद्धतीचं लग्न. नेहमीप्रमाणे. काळा सोडून सगळे रंग, पैठणी, नऊवारी, सगळं. होमाजवळ बसणाऱ्यांनी आणि करवल्यांनी सुती किंवा रेशमी नेसावं, नायलॉन-पॉलिस्टर नको, आणि पदर खोचून घ्यावा.

काही शंका असल्यास साडी खिडकीपाशी धरून फोटो काढा आणि मुलीच्या काकूंना पाठवा.

---

मुलाकडच्यांना गेलेली चिठ्ठी याच्या निम्मी होती. रविवारी काळा नको, बाकी सगळे रंग चालतील, मांडवात बूट काढावे लागतात म्हणून नाडीचे बूट टाळा, आणि जमिनीवर बसावं लागू शकतं तेव्हा अरुंद स्कर्ट नको. त्यांच्याकडून एक सूचना उलट आली आणि ती मला फार आवडली : पायमोजे फाटके नसावेत असंही लिहा. लिहिलं.

चिठ्ठीचा पहिला खर्डा याहून लांब होता आणि त्यात एक वाक्य होतं, ‘चर्चमध्ये भरजरी साड्या टाळाव्यात.’ माझा हेतू उकाड्याचा होता. मुलीच्या काकूनं ते वाचून फोन केला. तिला त्यात असं ऐकू आलं होतं की सांगलीच्या बायका नटूनथटून आल्या तर मडगावकरांना आवडणार नाही. ती चुकली नव्हती, वाक्य तसंच वाजत होतं. जिथे कारण न देता ‘टाळावे’ लिहिलं जातं तिथे वाचणारा स्वतः कारण शोधतो आणि त्याला सापडतं ते बहुतेक वेळा मनाला लागणारं असतं. तिथे मग पंख्यांचं खरं कारण घातलं आणि ‘टाळावे’ काढून ‘रात्रीसाठी ठेवलीत तर बरं’ केलं. रंगांच्या यादीतही प्रत्येक रंगापुढे माणूस लिहिला तो याच कारणानं. आमसुली साडी कपाटात असलेल्या दोघी आत्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की ती आम्ही रविवारी नेसू, मुलीच्या मैत्रिणींचा मान राहू दे.

काकूंकडे एकूण सहा-सात फोटो आले. त्यातला खरा पेच एकच होता, केरळची कसवू साडी, अंग दुधी आणि काठ सोनेरी. चिठ्ठीतल्या नियमाप्रमाणे ती सरळ बाद होत होती, पण नेसणारी मुलीची मावशी होती आणि तिच्या सासूची ती आठवण होती. काकूंनी ती शनिवारी रात्री ऐवजी रविवारी सकाळी नेसायला सुचवली. तीन दिवसांचे तीन नियम वेगळे लिहिल्याचा हा फायदा. एका दिवशी अडलेली साडी दुसऱ्या दिवशी चालते, तिला नाही म्हणावं लागत नाही.

शनिवारी आजी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसली होती, पांढऱ्या पातळात, डोक्यावरून पदर. मुलाच्या आईनं स्वतः तिला हात धरून तिथे नेलं. चुलत आजोबांच्या डोक्यावर टोपी होती आणि कुणी काही बोललं नाही.

जे माझ्या लक्षात आलं नाही ते दहिवर. फेब्रुवारीच्या सुरुवातीला गोव्यात दुपारी कडक ऊन असलं तरी रात्री उघड्या हिरवळीवर दव पडतं. टाचांचं मी लिहिलं होतं, साडीच्या खालच्या काठाचं लिहिलं नव्हतं. साडेनऊला नाच सुरू झाला तोपर्यंत गवत ओलं झालं होतं, आणि जमिनीला टेकतील अशा नेसलेल्या पाच-सहा रेशमी साड्यांचे फॉल लाल मातीनं भरले. बायका ओल्या रुमालानं पुसायला लागल्या, त्यानं माती जरीत आणखी आत गेली. काकूनं मात्र कुणाचं न ऐकता तशीच साडी रात्रभर खुर्चीवर टाकून वाळू दिली आणि सकाळी मऊ ब्रशनं झटकली. तिचीच काय ती स्वच्छ निघाली. आता हिरवळीवरचं लग्न असलं की माझ्या मजकुरात दोन ओळी जास्त असतात : साडी घोट्याच्या वर दोन बोटं नेसा, आणि माती लागलीच तर पुसू नका, वाळू द्या, मग झटका.